रिपोर्टची ६२ पानं आणि सेमिनारची १० मिनिटं: एका प्रतिक्रियेला उत्तर

दोन महिन्यांच्या कामाच्या रिपोर्टवरून दहा मिनिटांचा सेमिनार कसा करायचा, यावर मी पोस्ट लिहिली होती: एकच मुद्दा निवडा, आउटलाइन करा, हँडआउट द्या. त्यावर ही प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया: "सर, पोस्ट वाचली पण पटली नाही. रिपोर्टमधला एकच मुद्दा घ्या आणि बाकीचं सोडा म्हणता. दोन महिने डेअरीत राबलो, सगळे सेक्शन केले, आणि शेवटी एकच ग्राफ दाखवायचा? आमचे गाईड तर पहिल्यांदा कंपनी प्रोफाइलच विचारतात. आणि आउटलाइन, हँडआउट हे जास्तीचं काम कशाला, स्लाइड्सची प्रिंट काढून वाटली की झालं की."

उत्तर:

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. "सोडा" हा शब्द मी चुकीचा वापरला. म्हणायचं होतं की बाकीचं तोंडाने बोलू नका, त्याची जागा हँडआउटमध्ये आहे. आणि गाईडच्या मार्किंगमध्ये कंपनी प्रोफाइलला मार्क असतील तर ती दिसलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण एकच ग्राफ का, यावर मी ठाम आहे, आणि तुम्हीही डेअरीतच होतात म्हणून डेअरीचंच उदाहरण सविस्तर सांगतो, गेल्या वर्षी आमच्याच डिपार्टमेंटमध्ये झालेलं. (विद्यार्थिनीला विचारून लिहितोय, डेअरीचं नाव देत नाही.)

तिचा रिपोर्ट ६२ पानी होता. कंपनीची माहिती, प्रोसेस, लॅबमधल्या टेस्टच्या पद्धती, फोटो, सगळं नीट. पहिल्या तालमीला तिने रिपोर्टच्याच क्रमाने स्लाइड्स केल्या, एका चॅप्टरच्या तीन-चार. १७ मिनिटं झाली. त्यातली पहिली सहा कंपनीच्या इतिहासात गेली, आणि पाश्चरायझेशनची ७२ डिग्री १५ सेकंद तिने समजावून सांगितली, जी आमच्या सेकंड इयरलाही पाठ आहे. तालमीला एक ज्युनिअर बसवला होता, त्याला नंतर विचारलं की ताईने काय सांगितलं, तर म्हणाला, "त्या डेअरीत खूप टेस्ट करतात." दोन महिन्यांच्या कामातून त्याच्या हाती एवढंच लागलं. तुमचं काम पोचलं की नाही हे ओळखायची माझ्याकडे हीच एक पद्धत आहे, नंतर एका वाक्यात सांगायला लावायचं.

आता साधा हिशोब बघा. मी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून मोजलंय, समजेल असं बोलायचं तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात. दहा मिनिटांतून स्लाइड बदलणं, पॉइंटर शोधणं वगैरे गेलं की नऊ उरतात, म्हणजे हजारएक शब्द. रिपोर्टच्या छापील पानावर तीनशे शब्द धरा. म्हणजे तुमच्याकडे साडेतीन पानं आहेत. ६२ पानांचं आकसून साडेतीन करायला गेलात तर नुसती अनुक्रमणिका उरते, म्हणून आकसायचं नाही, निवडायचं.

निवडायचं कसं? मी तिला म्हटलं, रिपोर्टमध्ये तू स्वतः मोजलेलं काय आहे तेवढ्यावर पेन्सिलने खूण कर. प्रोसेस फ्लो पुस्तकात आहे, टेस्टच्या पद्धती मॅन्युअलमध्ये आहेत, कंपनीचा इतिहास वेबसाइटवर आहे. खुणा आल्या सहा पानांवर, आणि त्यात पान ४७ वर एक ओळ होती: "बी सेंटरच्या दुधाची एमबीआरटी ए सेंटरपेक्षा कमी आढळली." ए आणि बी ही दोन गावांतली दूध संकलन सेंटर, आणि एमबीआरटी म्हणजे दुधात मिथिलीन ब्लूचा निळा रंग घालून तो किती वेळ टिकतो हे बघायची टेस्ट, लवकर गेला तर जंतू जास्त. खाली टेबल, नऊ दिवसांचं. त्याच्या पुढच्या रकान्यात टँकर भरतानाचं तापमान होतं, दोन्ही सेंटरचं रोज ४ डिग्रीच्या आसपास.

हा सेमिनारचा विषय! दोन्हीकडचं दूध सारखंच थंड येतं, डेअरीच्या प्लॅटफॉर्मवर दूध उतरवताना दोन्हीची सीओबी निगेटिव्ह, म्हणजे उकळून बघितलं तर फाटत नाही, तरी एकाचा निळा रंग साडेचार तास टिकतो आणि दुसऱ्याचा दोन तासांच्या आतच जातो, असं का? रिपोर्टमध्ये ही ओळ निष्कर्षासारखी पडून होती, खरं तर तो प्रश्न होता. आणि उत्तरही रिपोर्टमध्येच होतं, पण दुसऱ्याच चॅप्टरमध्ये, फील्ड व्हिजिटच्या नोंदीत. ती तीन रात्री बीएमसीवर, म्हणजे सेंटरवरच्या दूध थंड करायच्या मोठ्या टाकीवर, थांबली होती आणि दर अर्ध्या तासाला टाकीचं तापमान लिहिलं होतं. बी गावात संध्याकाळी लाइट जायची आणि जनरेटर उशिरा सुरू व्हायचा.

इथे मी तिला एक स्लाइड वाढवायला लावली, रिपोर्टमध्ये नसलेली, कारण ऐकणाऱ्याला कारण डोळ्यांनी दिसलं पाहिजे. टाकीत सकाळचं ६०० लिटर दूध ४ डिग्रीला आहे, त्यात संध्याकाळचं ४०० लिटर ३४ डिग्रीचं ओतलं, तर मिश्रण किती डिग्रीला जाईल? २४०० अधिक १३६००, भागिले १०००, म्हणजे १६ डिग्री. म्हणजे सकाळचं चांगलं थंड झालेलं दूधही पुन्हा कोमट होतं. ए सेंटरला हे मिश्रण सव्वादोन तासांत ४ डिग्रीवर आलं, बी ला चार तासांच्या वर लागले. सकाळी टँकर येईपर्यंत दोन्ही ४ वर, लॉगबुक म्हणतं सगळं ठीक. पण थंडीने जंतूंची वाढ मंदावते, आधी वाढलेले जंतू मरत नाहीत, ते टँकरमध्ये येतातच. आणि एमबीआरटीचा रिझल्ट यायला काही तास लागतात, तोवर टँकर कधीच रिकामा झालेला असतो, त्यामुळे त्या रजिस्टरकडे रोज कोण बघणार.

आता सांगा, हा एक ग्राफ दोन महिन्यांपेक्षा कमी आहे का? रिसेप्शन, लॅब, फील्ड, तिन्ही सेक्शनचं काम त्यात आलंय, फक्त चॅप्टरच्या क्रमाने न येता प्रश्नाच्या क्रमाने आलंय.

आउटलाइनचं. मी सांगतो ती आउटलाइन म्हणजे एका कागदावर सहा-सात पूर्ण वाक्यं आणि समोर मिनिटं. शब्द नकोत, वाक्यंच. "एमबीआरटी" असं लिहिलं की स्टेजवर गेल्यावर माणूस त्याविषयी माहीत असलेलं सगळं बोलायला लागतो, मिथिलीन ब्लूचं मोलेक्युलर स्ट्रक्चरसुद्धा. त्याऐवजी तिने लिहिलं, "१० मिली दूध, १ मिली मिथिलीन ब्लू, ३७ डिग्री; रंग लवकर गेला म्हणजे जंतूंनी ऑक्सिजन लवकर संपवला." एक मिनिट, पुढे. तिच्या कागदावर पहिलं मिनिट थेट प्रश्नाला होतं (त्यातच कंपनीचं एक वाक्य: रोज दोन वेळा दूध घेणारी, गावोगाव बीएमसी असलेली डेअरी), दोन मिनिटं बीएमसी आणि टेस्ट कळायला, तीन मिनिटं नऊ दिवसांचा ग्राफ, दोन मिनिटं रात्रीचं तापमान आणि १६ डिग्रीचं गणित, आणि शेवटी दीड मिनिट काय नक्की सांगता येत नाही याला.

आणि त्या कागदावर एका वाक्याभोवती लाल चौकोन होता. उशीर झाला तर हे गाळायचं, असं आधीच ठरवलेलं. तिच्याबाबतीत ते टेस्ट कशी करतात हे होतं, कारण ते हँडआउटवर होतंच. हे ठरवलेलं नसलं की काय होतं सांगतो, सातव्या मिनिटाला गाईड घड्याळाकडे बघतात आणि मग पोरं घाईघाईत निष्कर्ष आणि मर्यादाच गुंडाळतात, म्हणजे ज्यासाठी सगळं केलं तेच जातं.

मर्यादांचं दीड मिनिट मी कुणालाच काढू देत नाही. तिने सरळ सांगितलं की नऊच दिवस मोजलंय, रात्री तीनच थांबलेय, आणि बी सेंटरवरचे कॅन कसे धुतात हे तपासलेलं नाही, त्यामुळे फरक पूर्ण लाइटमुळेच आहे असं म्हणता येत नाही. शिवाय टेस्ट ढोबळ आहे, मस्टायटिसच्या, म्हणजे कासेला सूज आलेल्या जनावराच्या, दुधात पांढऱ्या पेशी जास्त असतात, त्यांनीही रंग लवकर जातो, ट्यूब उन्हात राहिली तरी जातो, आणि थंडीत वाढणारे जंतू ३७ डिग्रीला नीट पकडले जात नाहीत. हे बोलल्याने मार्क जातील अशी भीती तिलाही होती. पण हे तुम्ही नाही सांगितलं तर समोरून कोणीतरी विचारणारच, आणि तेव्हा ते चूक पकडल्यासारखं दिसतं.

आता हँडआउट. स्लाइडची प्रिंट चालत नाही याचं कारण साधं आहे, स्लाइड तुमच्या बोलण्याशिवाय अर्धवट असते, आणि असायलाच पाहिजे. एका पानावर सहा स्लाइड छापल्या की त्यातला ग्राफ पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो, आकडे वाचता येत नाहीत. हँडआउटचं काम उलटं आहे, स्लाइडवर जे मावत नाही ते तिथे. तिचा एक ए-फोर कागद होता, पाठपोट. पुढच्या बाजूला प्रश्न, नऊ दिवसांचं पूर्ण टेबल, आणि एमबीआरटीची प्रतवारी (५ तास किंवा जास्त म्हणजे फार चांगलं, ३ ते ४ चांगलं, १ ते २ ठीक, अर्धा तास किंवा कमी म्हणजे खराब). मागच्या बाजूला टेस्टची पद्धत, रात्रीच्या तापमानाच्या नोंदी, उत्तर, आणि सगळ्यात खाली चौकटीत कंपनी प्रोफाइल सहा ओळीत आणि प्रोसेस फ्लो. तुमच्या गाईडचा प्रश्न त्या चौकटीत सुटतो.

उत्तर मागच्या बाजूला का, तर कागद आधीच खुर्च्यांवर ठेवायचा होता. चाळीस जणांना मधेच वाटायला गेलात तर एक मिनिट कुठं गेलं कळत नाही. आणि आधी दिला की लोक वाचणारच, मग पुढच्या बाजूला तुम्ही बोलताना बघायला लागेल तेवढंच असलेलं बरं.

एक गोष्ट मात्र मूळ पोस्टमध्ये राहिली, ती इथे लिहितो. स्लाइड हॉलमध्येच राहते, हँडआउट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. म्हणून गावांची नावं, शेतकऱ्यांची नावं, दुधाचे दर त्यावर नकोत, ए आणि बी एवढंच लिहा, आणि डेअरीतल्या ज्या साहेबांनी रजिस्टर बघू दिलं त्यांना तो कागद छापायच्या आधी दाखवा. तिने दाखवला, त्यांनी एक ओळ काढायला सांगितली, ती काढली.

प्रत्यक्ष सेमिनारला ९ मिनिटं ४० सेकंद लागली. पहिला प्रश्न मस्टायटिसचा आला, दुसरा कॅनचा. कंपनी कधी स्थापन झाली हेही एका सरांनी विचारलं, तिने कागद उलटून चौकट दाखवली. आणि तालमीचा तोच ज्युनिअर बाहेर पडताना मित्राला सांगत होता की रात्री लाइट गेली की दूध बिघडायला लागतं पण सकाळच्या तापमानात ते दिसतच नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये तुम्ही स्वतः मोजलेलं एखादं टेबल असेल तर ते इथे टाका, नावं काढून. त्यात प्रश्न कुठला दडलाय ते मिळून बघू.