हा आक्षेप नक्की कुठे चिकटवायचा?

सर बोलत असतात तेव्हा सगळं पटतं. पंचाईत पुढे होते, कारण आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात निबंध लिहायचा नसतो, वहीतल्या टिपणांवरून युक्तिवादाचा नकाशा काढायचा असतो. सगळ्यात वर निष्कर्ष. त्याखाली हिरव्या कागदांवर आधारविधानं. लाल कागद म्हणजे आक्षेप, आणि लालला लागून नारिंगी म्हणजे त्या आक्षेपाला उत्तर. एका कागदावर एकच विधान, तेही पूर्ण वाक्यात. ‘अंतर??’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या तर चालत नाही. वर्गातल्या निम्म्या वह्या मात्र अशाच रेघांनी भरलेल्या असतात.

या खेपेला विषय होता तत्त्वज्ञ पीटर सिंगर. १९७१ च्या नोव्हेंबरात पूर्व बंगालमधले लोक अन्न, निवारा आणि औषधांवाचून मरत होते, तेव्हा त्याने एक लेख लिहिला. तो १९७२ मध्ये छापून आला आणि तेव्हापासून जगभरच्या विद्यार्थ्यांना छळतो आहे. त्यातलं उदाहरण असं : तुम्ही एका उथळ तळ्याकाठून चालला आहात, एक लहान मूल बुडताना दिसतं. आत उतरून त्याला बाहेर काढायला हवं. कपडे चिखलाने भरतील, पण मुलाच्या जिवापुढे कपड्यांचं काय!

सरांनी हे तळं इतकं रंगवून सांगितलं की वहीची दोन पानं तळ्यातच गेली. मुख्य तत्त्व पुढे कुठेतरी एका ओळीत, समासात. बोलण्याचा क्रम वेगळा आणि युक्तिवादाचा वेगळा, हे नकाशाला बसल्याशिवाय कळत नाही. सगळा पसारा जेवणाच्या टेबलावर मांडला. सासूबाई पलीकडे मेथी निवडत होत्या.

वर लिहिलं : ‘आपण दुष्काळनिवारणाला पैसे द्यायला हवेत.’ खाली पहिला हिरवा : ‘अन्नावाचून, औषधावाचून मरणं वाईट आहे.’ दुसरा : ‘काही वाईट घडणं टाळणं आपल्या हातात असेल आणि त्यासाठी तितकंच मोलाचं काही गमवावं लागत नसेल, तर ते टाळायला हवं.’ नोट्सप्रमाणे इथे संपलं. पण सरांचा नियम असा की निष्कर्षात आलेला प्रत्येक महत्त्वाचा शब्द खाली कुठल्यातरी कागदावर सापडला पाहिजे. ‘पैसे’ कुठेच नव्हते. म्हणजे तिसरा कागद हवा, जो कोणी वर्गात मोठ्याने उच्चारलाच नव्हता : ‘पैसे दिल्याने हे मरण टळतं, आणि त्यासाठी आपल्याला तितकंच मोलाचं काही गमवावं लागत नाही.’ आता हे तिन्ही कागद एकाच कंसात. एक काढला तर उरलेले दोघं निष्कर्षापर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्यांना वेगवेगळे बाण नाहीत, तिघांना मिळून एकच.

आणि तळं? ज्या तळ्याने दोन पानं खाल्ली, ते या ओळीत बसतच नाही. ते दुसऱ्या कागदाच्या खाली जातं, त्या तत्त्वाला टेकू म्हणून.

“कुठलं तळं?” सासूबाईंनी विचारलं.

“कुठलंही, आई. समजा मासुंदा.”

“मासुंद्यात उतरणार तू? तुला पोहता येतं?”

मी लाल कागद उचलला आणि हात हवेत राहिला. आक्षेप जोरदार होता, पण चिकटवायचा कुठे? तत्त्वातच ‘आपल्या हातात असेल’ अशी अट आहे. मला पोहता येत नसेल तर अटच पुरी होत नाही, तत्त्वाला धक्का लागत नाही. सिंगरने तळं उथळ ठेवलं ते याचसाठी. ठाण्यात आणून मीच ते खोल केलं होतं.

“म्हणजे माझं खोटं?”

“खोटं नाही, आई. इथे लागू होत नाही.”

हे वाक्य सासूबाईंना बोलणं किती अवघड आहे, हे सिंगरच्या लेखात नाही.

तेवढ्यात लेक आली. “तो स्वतः देतो का पैसे?” हा प्रश्न वर्गातही कोणीतरी विचारलाच होता आणि माझ्या वहीत ठळक अक्षरांत होता. पण तिन्ही हिरव्या कागदांवर सिंगरचं नावच नाही. तो देत असो वा नसो, एकही वाक्य खोटं ठरत नाही. तेवढाच एक लाल कागद वाचला. ह्यांचं म्हणणं, “आपण टॅक्स भरतो. सरकारने बघावं. आपण दिलं की सरकार अंग काढून घेतं.” याला मात्र जागा मिळाली, तिसऱ्या कागदावर, कारण पैसे दिल्याने मरण टळतं यावरच तो शंका घेतो. सिंगरचं उत्तर असं की कोणीच दिलं नाही तर लोकांना याची पर्वा नाही असं सरकार समजेल. हा नारिंगी कागद लालला चिकटवायचा. निष्कर्षाखाली सरळ हिरवा करून लावला तर उत्तर हे कारणाचा आव आणतं. वर्गात निम्मे नकाशे इथेच गंडतात.

खरा घाम काढला पाच पौंडांनी. नोट्समध्ये होतं : ‘माझ्यासारख्या प्रत्येकाने पाच पौंड दिले तर पुरेसे जमतील, म्हणून मी पाचहून जास्त देणं लागत नाही.’ वाचताना एकदम रास्त वाटतं. ह्यांनी तर टाळीच दिली. ह्यांच्याकडे सोसायटीच्या गणपतीची वर्गणी आहे. मांडव, मूर्ती, प्रसाद, सगळा खर्च भागिले फ्लॅट, बरोबर पाचशे एक. मग मी विचारलं, “सगळे देतात?”

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बी विंगचा वरचा मजला दरवर्षी गावाला गेलेला असतो. मांडववाल्याला मात्र पूर्णच द्यावे लागतात, आणि ती तूट कोणाच्या खिशातून जाते ते घरात सगळ्यांना माहीत आहे. नकाशावर हे स्वच्छ दिसतं. कागदावर आहे ‘सगळ्यांनी दिले तर’. निष्कर्षाला हवा आहे ‘सगळे देत आहेत’. मधला कागद कोणी लिहिलेलाच नाही, आणि लिहिला तर तो खोटा आहे.

शेवटचा आक्षेप चिकटायलाच तयार नव्हता. मूल वाचवायला हवं, कबूल. पण त्यावरून एवढं मोठं तत्त्व कशाला? ‘डोळ्यांसमोर संकटात असलेल्याला मदत करावी’ एवढ्या छोट्या नियमानेही तळ्याचं काम भागतं. हा आक्षेप तळ्याला खोटं म्हणत नाही आणि तत्त्व खोटं आहे असंही म्हणत नाही. तो म्हणतो, यावरून ते निघत नाही. म्हणजे तो कागदावर नाही, दोन कागदांमधल्या बाणावर बसतो. सिंगर म्हणतो की मूल दहा यार्डांवर आहे की माणूस दहा हजार मैलांवर, याने नैतिक फरक पडत नाही. पण फरक पडत नाही हेच तर सिद्ध करायचं होतं! माझ्या मते अख्ख्या नकाशात लढाई आहे ती या बाणावर, आणि कागद तर बारीक रेघेवर टिकेना. पंखा लावला की उडायचा. शेवटी सासूबाईंनी मेथीच्या जुडीचा दोरा दिला, त्याने बांधला.

सरांनी नकाशा पाहिला, दोऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिला, आणि पुढचा विषय दिला : अ‍ॅन्सेल्म.

“हा काय म्हणतो?” सासूबाईंनी विचारलं.

“देव आहे असं सिद्ध करतो.”

“मग बरं. लाल कागद आणू नकोस.”