नवी तारीख म्हणजे खरी प्रोग्रेस? अजिबात नाही

"दोन डिव्हाइसवर गेमची वेगळी प्रोग्रेस दिसली तर टेन्शन नको. ज्याची तारीख-वेळ नवी तोच सेव्ह खरा, तोच ठेवा. हवा तो सेव्ह जुना दिसत असेल तर त्या फोनचं घड्याळ एक दिवस पुढे करून सेव्ह करा. कॉइन्सची क्लाउड बेरीजच करतो."

हा मेसेज माझ्या भाच्याला आला आणि त्याने तसंच केलं, म्हणून लिहितोय. टॅबवर तो ४० व्या लेव्हलला पोचला होता, पण सगळं ऑफलाइन, क्लाउडवर काहीच गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने जुना फोन उघडला, तिथे १२ वी लेव्हल, आणि गेमने उघडल्या उघडल्या ऑटोसेव्ह मारला. झाला की फोनचा सेव्ह नवा! मग टॅब नेटवर आला, कोणता ठेवायचा विचारलं, आणि पोराने नवी तारीख बघून १२ वी लेव्हल ठेवली, २८ लेव्हल गेल्या. अहो, तारीख फक्त फाइल कधी लिहिली ते सांगते, किती खेळलात ते नाही.

एक मान्य करतो, फोनने आधी टॅबचा शेवटचा सेव्ह उतरवून त्यावरच पुढे खेळलं असेल तर नवा तोच बरोबर. पण तेव्हा कॉन्फ्लिक्ट होतच नाही ना! एकाच जुन्या सेव्हवरून दोन डिव्हाइस दोन वाटांनी गेले की कॉन्फ्लिक्ट होतो.

गूगल प्ले गेम्सच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनमध्ये "नवा ठेवा" हा अनेक पर्यायांपैकी फक्त एक आहे, शेजारीच `RESOLUTION_POLICY_LONGEST_PLAYTIME` आणि `RESOLUTION_POLICY_HIGHEST_PROGRESS` आहेत, किंवा दोन्ही सेव्ह हातात घेऊन गेमने स्वतः ठरवायचं. म्हणजे नियम गेम बनवणारा निवडतो.

घड्याळाचं तर बोलूच नका. फाइलवर उद्याची वेळ पडली की घड्याळ नीट केल्यावर आज जे खेळाल ते सगळं "जुनं" ठरणार. आणि वेळ सर्व्हर लावत असेल तर उपयोग शून्य.

कॉइन्सचं बघा. दोन्हीकडे सुरुवातीला ५००. टॅबवर ३०० कमावले, २०० खर्च केले, उरले ६००. फोनवर १०० कमावले, तिथेही ६००. बेरीज केली तर १२००, म्हणजे मूळचे ५०० दोनदा मोजले. मोठा आकडा ठेवला तर ६००, एकाची कमाई गेली. बरोबर उत्तर ७००, ५०० मध्ये दोन्हीकडचे बदल मिळवून, आणि त्यासाठी गेमने प्रत्येक डिव्हाइसची कमाई आणि खर्च वेगळा लिहून ठेवलेला लागतो. स्टार्सना मात्र मोठा आकडा चालतो, उघडलेल्या वस्तूंना दोन्हीकडची यादी एकत्र. गोष्टीच्या गेममध्ये एकीकडे एखादं पात्र वाचवलं आणि दुसरीकडे मारलं तर मर्ज होऊच शकत नाही, तिथे एकच सेव्ह निवडावा लागतो.

म्हणून तो डायलॉग आला की आधी लेव्हल आणि खेळलेला वेळ बघा. ते दिसत नसेल तर काही न निवडता बंद करा, दोन्ही डिव्हाइस विमान मोडवर टाका आणि दोन्हीकडे गेम उघडून प्रत्यक्ष बघा कुठे किती झालंय.