क्लोरीनवर खोटा आळ

पोहून बाहेर आलं की माझे डोळे असे लालबुंद होतात, की भेटणारा माणूस आधी माझ्या तोंडाचा वास घेतो आणि मगच 'घरी सगळं ठीक आहे ना?' असं विचारतो. वास येतोच, पण तो तलावाचा. कपडे बदलायच्या खोलीत त्यावर एकमताने निकाल लागलेला असतो: 'आज क्लोरीन जास्त पडलंय.' काही जण तर त्या वासावर खूश असतात. नाक झोंबतंय म्हणजे पाणी स्वच्छ!

माझं पोट पाणी तपासण्यावर चालतं, त्यामुळे मला गप्प बसवत नाही. नीट राखलेल्या तलावाला जवळजवळ वासच येत नाही. झोंबतो तो क्लोरामाइनचा वास. जंतू मारायला पाण्यात सोडलेल्या क्लोरीनला आधी आपण भेटतो: आपला घाम, अंगावरचा मळ आणि (इथे सगळे छताकडे बघू लागतात) लघवी. त्यातल्या अमोनिया आणि युरियाशी क्लोरीनचा संसार सुरू होतो, आणि त्यातून क्लोरामाइन जन्मतात. त्यांतलं ट्रायक्लोरामाइन सगळ्यांत वांड. ते पाण्यात ठरत नाही, हवेत उडतं आणि बंदिस्त तलावात पाण्याच्या पृष्ठभागालगत रेंगाळतं. पोहणारा श्वासासाठी तोंड वर काढतो, नेमका तिथेच.

हे मी तलाव सांभाळणाऱ्या काकांना सांगितलं. त्यांनी पिवळ्या थेंबांची बाटली काढून पाण्याला छान पिवळा रंग आणून दाखवला. "बघा साहेब, क्लोरीन भरपूर आहे. वासाची तक्रार आली म्हणून उद्यापासून कमीच टाकणार."

इथेच सगळा घोळ होतो. तो पिवळा रंग एकूण क्लोरीनचा. त्यातलं कामाचं, म्हणजे मोकळं क्लोरीन किती आणि संसारात अडकलेलं किती, हे तो सांगत नाही. त्यासाठी डीपीडीच्या गोळ्या लागतात. पहिल्या गोळीने पाणी गुलाबी होतं, तो आकडा मोकळ्या क्लोरीनचा. त्याच पाण्यात तीन नंबरची गोळी टाकली की एकूण आकडा मिळतो. आमच्या तलावात मोकळं निघालं लिटरला 0.6 मिलिग्रॅम आणि एकूण 1.8. वजाबाकी 1.2, म्हणजे दोन तृतीयांश क्लोरीन अडकलेलं. ही वजाबाकी 0.2 च्या आत असावी. आणि मोकळं क्लोरीन तर निदान 1 तरी हवं. म्हणजे वास जास्त आणि क्लोरीन कमी!

काकांचा चेहरा पडला. "मग आता वाढवायचं?" वाढवायचं, पण थोडंथोडं नाही. अर्धवट मात्रेने ट्रायक्लोरामाइन वाढण्याचीच शक्यता जास्त. ढोबळ नियम असा, की अडकलेल्याच्या दहापट पातळी एकदम गाठायची, म्हणजे 12. त्यातलं 0.6 आधीच आहे, तेव्हा उरलं 11.4. आमचा तलाव लहान, एक लाख लिटरचा, म्हणून क्लोरीन लागलं 1,140 ग्रॅम. आपल्याकडची पावडर 65 टक्क्यांची, म्हणून ती पावणेदोन किलो. ती पाण्यात टाकून विरघळवायची, पावडरवर पाणी कधीच ओतायचं नाही. तलाव बंद, पंप चालू, खिडक्या सताड उघड्या. मोकळं क्लोरीन रोजच्या पातळीला उतरेपर्यंत कुणाला पाण्यात सोडायचं नाही. मग पुन्हा गोळ्या, पुन्हा वजाबाकी.

आमची वजाबाकी 0.3 वर आली. पूर्ण खाली नाही आली, कारण युरिया क्लोरीनला फार सावकाश दाद देतो आणि घामातले काही सेंद्रिय पदार्थ तर या डोसालाही जुमानत नाहीत. तिथे एकच उपाय, थोडं पाणी सोडून देऊन नवं भरणं. काकांना पाण्याचं बिल दिसत होतं, तरीही त्यांनी तो केला. (पीएचही 7.8 च्या वर गेला होता, तो त्याच वेळी खाली आणला. तो वर गेला की मोकळं क्लोरीनही आळशी होतं.)

पण पाणी बदललं तरी माणसं तीच. नवा मळ रोज आत येणारच. त्यावरचा उपाय फुकट आणि म्हणूनच सर्वांना अमान्य: पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर शॉवर. एवढ्यानेही अंगावरचा घाम आणि मळ बराच उतरतो, साबण लावलात तर उत्तमच. पाटी लावली, तेव्हा एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पाण्यातच तर जायचंय, आधी अंघोळ कशाला?" मी त्यांना डीपीडीची गोळी दाखवली. त्यांनी ती खायची आहे असं समजून नकार दिला.

प्रशिक्षकांनी मात्र दर तासाला मुलांना पाण्याबाहेर काढून स्वच्छतागृहात पाठवायचा नियम केला. पालक-मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कुणीतरी भाबडेपणाने विचारलं, "मोठ्यांनाही जावं लागेल का?"

"मोठ्यांना आधी," प्रशिक्षक म्हणाले.