‘लाखो वाचवले’ म्हणू नका, सतरा नंबरची बॅटरी दाखवा

«एएमसी रिन्यू करून घ्यायचा हमखास मंत्र:
१. वर्षभरात किती व्हिजिट दिल्या, तो आकडा मोठ्या अक्षरात लिहा.
२. ब्रेकडाउन झालं नसेल तर ‘आमच्यामुळे तुमचे इतके लाख वाचले’ असं ठोका. हिशोब कोणी मागत नाही.
३. उशीर, चुका यांचा विषयच काढू नका.
४. कोटेशन मुदत संपायच्या आठवड्यात द्या. विचार करायला वेळ मिळता कामा नये.»

सर्व्हिसवाल्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. यूपीएस सर्व्हिसच्या धंद्यात नव्याने पडलेल्या माझ्या भाच्याने तर यावरून पत्राचा नमुनाच छापून घेतला. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

पहिल्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करून टाकू. करारात चार प्रिव्हेंटिव्ह व्हिजिट लिहिल्या असतील तर त्या चार झाल्या, हे तारखांसह सांगायलाच हवं. पण तो आकडा गेटवरच्या रजिस्टरमध्ये आधीच आहे. ॲडमिनवाल्याला तुमच्याकडून कळायला हवं ते एवढंच, की आलेल्या माणसाने आत जाऊन काय केलं. ‘ब्लोअर मारला, सप्लाय चेक केला, ओके’ एवढाच शेरा चारही रिपोर्टांवर असेल, तर आकडा मोठ्या अक्षरात छापून तुम्ही स्वतःचंच हसं करून घ्याल.

दुसरा मुद्दा मात्र सरळ घातक आहे. हिशोब मागतात. अकाउंट्सवाले तर हटकून मागतात. समजा करार १८,००० रुपयांचा आहे. त्यांनी कागद काढून मांडलं: बाहेरून बोलावलं असतं तर चार व्हिजिटचे १,२०० प्रमाणे ४,८०० आणि तीन तक्रारींचे १,५०० प्रमाणे ४,५००, म्हणजे एकूण ९,३००. कुठले लाख वाचले? या गणितात एएमसी महागच पडते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाने जास्तीचे पैसे मोजले ते दोन गोष्टींसाठी: ठरलेल्या वेळेत माणूस येणं, आणि यंत्र बंद पडण्याआधी कुणीतरी मोजमाप ठेवणं. म्हणून पत्रात दाखवायचं ते हे मोजमाप.

एक नमुना घेऊ. पॅथॉलॉजी लॅबचा २० केव्हीएचा यूपीएस आहे, त्याला १२ व्होल्ट ४२ एएचच्या ३० सीलबंद बॅटऱ्या एका रांगेत जोडलेल्या, बँक दोन वर्षांची. यूपीएसच्या पॅनेलवर बॅटरी व्होल्टेज दिसतं ते सगळ्या रांगेचं मिळून, साधारण ४०९. सतरा नंबरची बॅटरी आजारी पडली आणि १३.६५ ऐवजी १२.९ वर आली, तरी चार्जर एकूण व्होल्टेज धरून ठेवतो. उरलेल्या २९ बॅटऱ्या प्रत्येकी जेमतेम ०.०३ व्होल्टने वर सरकतात आणि पॅनेल ४०९ च दाखवत राहतं. लाइट जाईपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही. लाइट गेली की तोच करंट सतरा नंबरमधूनही वाहतो. ती आधी संपते, उलटी चार्ज व्हायला लागते, तापते. आतून ओपन झाली तर अख्खी रांग मेली, बाकीच्या २९ ठणठणीत असूनही.

हे फक्त एकेक बॅटरी मोजली तरच दिसतं. एप्रिलमध्ये सतरा नंबरचा अंतर्गत रोध ७.६ मिलिओहम, जुलैत ८.३, ऑक्टोबरमध्ये ११.२. बाकीच्या सगळ्या आठच्या आत. सुरुवातीच्या मोजमापापेक्षा ३० ते ५० टक्के वाढ दिसली की लोड टेस्ट घ्यायची. ती घेतली तेव्हा चौदाव्या मिनिटालाच सतरा नंबर १०.५ व्होल्टवर, बाकीच्या ११.६ च्या वर. टेस्ट तिथेच थांबवून बॅटरी बदलली. बँक अजून जुनी झालेली नव्हती म्हणून एकच बदलून भागलं. म्हाताऱ्या बँकेत एक नवी बॅटरी घातली तर तिचं चार्जिंग बाकीच्यांशी जुळत नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगून ठेवावं.

एवढं हाताशी असताना ‘लाखो वाचले’ कशाला लिहायचं? पत्राचा गाभा असा असू द्या:

«ऑक्टोबरच्या तपासणीत बॅटरी क्र. १७ कमकुवत आढळली, ती बदलली. त्यानंतर नेहमीच्या लोडवर बॅकअप ३५ मिनिटे मिळाला. नवीन असताना तो ४० होता. ३२ मिनिटांखाली गेल्यास पूर्ण बँक बदलावी लागेल. येत्या वर्षाच्या बजेटमध्ये त्याची तरतूद ठेवावी. बॅटरी रूमचा एसी रात्री बंद असल्याने तिथे ३२ अंश तापमान आढळले. तो चालू ठेवल्यास हा खर्च लांबू शकेल. तीनही तपासण्यांचा तक्ता सोबत जोडला आहे.»

यातले ३२ मिनिटं हवेतून आणलेले नाहीत. सीलबंद बॅटऱ्यांच्या देखभालीसाठी आयईईई ११८८ ही शिफारस आहे. क्षमता ८० टक्क्यांखाली आली की बॅटरी बदला, असं ती सांगते. ४० चे ८० टक्के ३२. आजचे ३५ म्हणजे ८७.५ टक्के. मिनिटांवरून क्षमता काढणं थोडं ढोबळ आहे, आणि दोन्ही वेळी लोड तोच असायला हवा, नाहीतर तुलना फसवी ठरते. पण बजेटला एवढं पुरतं. तापमानाचंही तसंच: या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्म्यावर येतं. एसीची चूक गिऱ्हाइकाची आहे, तरी स्पष्ट लिहा. बॅटऱ्या बहुतेक करारांतून वगळलेल्या असतात, म्हणजे बँक बदलायचा खर्च त्यांच्याच खिशातून जाणार आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर फार बोलायची गरज नाही. तक्रारीची वेळ त्यांच्या ईमेलमध्ये आहे, तुमचा माणूस किती वाजता पोचला ते रजिस्टरमध्ये. चार तासांचं वचन असताना एकदा नऊ तास लागले असतील तर ती ओळ कारणासकट तुम्हीच लिहा: कार्ड स्टॉकमध्ये नव्हतं, आता एक सुटं ठेवलंय. नाहीतर रेट पाडून घेताना तीच ओळ तुम्हाला वाचून दाखवतील.

आणि शेवटच्या आठवड्यात कोटेशन? लॅब असो की बँकेची शाखा, परचेसला तीन कोटेशनं, मंजुरी आणि मग पीओ, एवढं सगळं करायचं असतं. घाई केली की ते सही करत नाहीत, करार लॅप्स होऊ देतात. मधल्या दिवसांत काही बंद पडलं तर ते कव्हरमध्ये नाही, आणि नेमका तेव्हाच वाद होतो. सहा महिने आधी दिलेलं पत्र फाइलमध्ये विसरलं जातं, हे खरं. साधारण ६० दिवस आधी द्या. ३१ मार्चला संपणारा करार असेल तर जानेवारीअखेरीस, म्हणजे बॅटरी बँकेची तरतूद नव्या बजेटमध्ये बसवायला त्यांना वेळ मिळेल. दर वाढवला असेल तर त्याचं कारण त्याच पानावर लिहा, आणि रिन्यू केल्यावरची पहिली लोड टेस्ट कोणत्या महिन्यात घेणार तेही.