‘शनिवारी नको, गुरुवारी या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “लेख वाचला. सेल्समनला दिवस बदलून मागायला एवढी मनधरणी कशाला? माल आपण घेतो, पैसे आपण मोजतो. ‘पुढच्या आठवड्यापासून गुरुवारी ये’ एवढं फोनवर सांगायचं आणि विषय संपवायचा. नाही ऐकलं तर सोलापुरात होलसेलर काय कमी आहेत? तुमच्यासारख्यांनीच या लोकांना डोक्यावर बसवून ठेवलंय.”

नमस्कार. तुम्ही स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं. दुकानदाराने आपली अडचण सांगायला लाजू नये, हे मलाही पटतं. पण ‘फोन करून सांगायचं आणि विषय संपला’ हे मात्र पटत नाही, कारण दिवस ठरवणं सेल्समनच्या हातात नसतं. एजन्सीने त्याला वारावर लाईन बांधून दिलेली असते. एका लाईनवर तीस-चाळीस दुकानं असतात. आज ऑर्डर घेतली की उद्या-परवा त्याच लाईनवर टेम्पो माल टाकतो आणि पुढच्या फेरीला मागच्या बिलाची वसुली होते. आपण एक वार बदलला की ऑर्डर, टेम्पो आणि वसुली ही तिन्ही कामं हलतात. त्याला नुसतं ‘गुरुवारी ये’ म्हटलं तर तो तोंडावर ‘हो मालक’ म्हणेल आणि शनिवारी पुन्हा दारात उभा राहील. त्यात त्याचा उद्धटपणा नसतो, त्याची लाईनच ती असते.

माझं दुकान अशोक चौकाच्या बाजूला आहे. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचं आणि विड्या वळणाऱ्या घरांतलं. आमच्या गल्लीत आठवड्याचा पगार शनिवारी हातात येतो, म्हणून खात्यावरची उधारी शनिवारी संध्याकाळी फिटते आणि आठवड्याचं सामानही तेव्हाच भरलं जातं. साबण-बिस्किटांच्या एजन्सीचा सेल्समन नेमका त्याच वेळी यायचा. समोर दहा माणसं उभी, मी तराजूवर, तो बाजूला तासभर ताटकळत. ऑर्डर घाईत दिली की चार वस्तू राहून जायच्या. शिवाय माल सोमवारी यायचा, म्हणजे शनिवार-रविवारची विक्री संपल्यावर. गुरुवारी ऑर्डर आणि शुक्रवारी माल, हे मला हवं होतं.

म्हणून मी सांगण्याआधी विचारलं, “दादा, गुरुवारी तुमची लाईन कुठली असते?” माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. तो मंगळवारी जुळे सोलापूरला असतो आणि गुरुवारी अक्कलकोट रोडला. मंगळवार मागितला असता तर त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाहून माझ्या एका दुकानासाठी यावं लागलं असतं, आणि ते दोन आठवड्यांच्या वर टिकलं नसतं. अक्कलकोट रोडला जाताना मात्र आमचा चौक वाटेतच पडतो.

मग मी म्हणालो, “शनिवारी आमच्याकडं पगाराची गर्दी असते. तुमचाही तास जातो आणि माझीही ऑर्डर अर्धी राहते. गुरुवारी वाटेत जमतंय का बघा. नाहीतर बुधवारी रात्री फोनवर ऑर्डर लिहून देतो, टेम्पोनं माल गुरुवारच्या लाईनबरोबर टाकावा. एजन्सीत विचारून सांगा, गडबड नाही.” हे मी त्या आठवड्याचे पैसे हातात दिल्यावर बोललो, आणि तेही गिऱ्हाईक नसताना. पैसे देण्याआधी हा विषय काढला तर मालक बिल अडवून बोलतोय, असं त्याला वाटतं. आणि चार लोकांसमोर बोललं तर त्याला उगाच खाली बघावं लागतं.

एजन्सीच्या मालकाला थेट फोन मी मुद्दाम केला नाही. तो फोन तक्रार म्हणून पोचतो आणि सेल्समनला जाब द्यावा लागतो. त्यानेच जाऊन “या दुकानाची ऑर्डर गुरुवारी मोठी निघेल” असं सांगितलं तर ते त्याचं काम ठरतं. काही कंपन्यांच्या ऑर्डर अ‍ॅपमध्ये आपलं दुकान एका ठराविक बीटला, म्हणजे लाईनला, जोडलेलं असतं, ते एजन्सीतूनच बदलावं लागतं. म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे मागू नये. तेव्हा तो टार्गेटच्या मागे असतो. नव्या महिन्याच्या सुरुवातीला सांगितलं की काम सोपं होतं.

आता पैशाचं, कारण संबंध बिघडतात ते बहुतेक इथेच. आमचा व्यवहार बिल टू बिल आहे. मागचं बिल फिटलं की पुढचं निघतं. समजा आठवड्याचं बिल साडेसहा हजारांचं आहे. दिवस बदलण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी नेहमीसारखी पूर्ण ऑर्डर दिली तर माल सोमवारी येणार आणि लगेच गुरुवारी साडेसहा हजार द्यावे लागणार. पगार तर शनिवारी, म्हणजे गुरुवारी गल्ल्यात तेवढी रक्कम नाही. पैसे नाहीत म्हणून नवीन बिल अडकणार, आणि पहिल्याच गुरुवारी त्याची फेरी वाया जाणार. मग त्याने तरी एजन्सीत काय तोंड दाखवायचं?

यावर तोड अशी की शेवटच्या शनिवारी जुनं बिल पूर्ण फेडायचं आणि ऑर्डर फक्त शुक्रवारपर्यंत पुरेल एवढीच द्यायची, समजा बावीसशेची. गुरुवारी ते बावीसशे द्यायला जड जात नाहीत, आणि त्याच दिवशी साडेसहा हजारांची पूर्ण ऑर्डर लिहून द्यायची. त्याची पहिलीच गुरुवारची फेरी भरलेली जाते. पुढच्या गुरुवारचे पैसे मात्र शनिवार-रविवारच्या गल्ल्यातून रविवारी रात्रीच बाजूला काढावे लागतात. हे जमणार नसेल तर गुरुवार मागूच नका, गर्दी सोसून शनिवारच ठेवा.

दुसरा होलसेलर धरा, असं तुम्ही म्हणता. खुल्या धान्याला, तेलाच्या डब्याला ते चालेल. पण कंपनीच्या मालाची आपल्या भागातली एजन्सी बहुतेक एकच असते. बाजारातून रोखीनं तोच माल आणता येतो, पण उंदरानं कुरतडलेले पुडे, फुटलेले पाऊच, तारीख उलटलेला माल परत घ्यायला तिथून कोणी येत नाही. तो परत घ्यायचा की नाही, यात सेल्समनच्या शब्दाला बरीच किंमत असते.

एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. एजन्सीनं दिवस कबूल केला, अ‍ॅपमध्येही बदलला, तरी माणूस जुन्याच वारी येत राहिला, तर गप्प बसू नये. पहिल्या एक-दोन शनिवारी सवयीनं येईल, तेव्हा चहा पाजा, पण ऑर्डर देऊ नका. “दादा, गुरुवारी सगळी एकदम लिहून देतो” म्हणा, आणि गुरुवारी खरंच द्या. शनिवारी दोन पुडे जरी लिहून दिले, तरी त्याच्या वहीत शनिवार चालूच राहतो. एवढं करूनही फरक पडला नाही, तर मग एजन्सीच्या मालकाला फोन करा, आणि तो करण्याआधी सेल्समनलाही तसं सांगा.

तुमचं दुकान कुठल्या भागात आहे आणि त्याच्या गुरुवारच्या लाईनपासून किती लांब पडतं, ते कळवा. मग फोनवरची ऑर्डर तुम्हाला सोयीची पडेल का, ते नेमकं सांगता येईल.