समीकरणाचा नंबर डावीकडे पळतो, त्याला वर्ड जबाबदार नाही

“वर्डमध्ये समीकरणाला नंबर देताच येत नाही. कॅप्शन टाकलं की नंबर डावीकडे येतो, टॅब मारला की समीकरणच बारीक होतं. स्पेसबार दाबत नंबर उजवीकडे न्या, पीडीएफ करा आणि सबमिट करा. नीटच हवं असेल तर लेटेक शिका, तिथे असले घोळ होत नाहीत.”

वरच्या सल्ल्यातल्या स्पेसबारचं आधी बोलू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. सदाशिव पेठेत प्रोजेक्ट रिपोर्टचं टायपिंग करतो, त्यामुळे अशा फायली रोज समोर येतात. त्या दिवशी एक मुलगी फोरिअर सिरीजची असाइनमेंट घेऊन आली. घरच्या लॅपटॉपवर सगळे नंबर उजवीकडे होते, प्रिंटच्या दुकानात फाइल उघडली तर (3) आणि (5) पुढच्या ओळीत, थेट डाव्या मार्जिनला. `Ctrl+Shift+8` दाबलं तर समीकरणापुढे ठिपक्यांची रांगच रांग. एक ठिपका म्हणजे एक स्पेस. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिचा फॉन्ट नव्हता, त्याच्या जागी आलेला जरा रुंद होता. ओळीत जागा संपली आणि नंबर खाली घसरला. खाली घसरलेली ओळ डावीकडूनच सुरू होणार, दुसरं काय!

जिथे नंबर घसरत नाही, तिथेही तो सरळ रेषेत येत नाही. टाइम्स न्यू रोमनमध्ये 12 पॉइंटला एक स्पेस साधारण एक मिलिमीटरची. समीकरणं कमीजास्त लांबीची, त्यामुळे प्रत्येक नंबर थोडा मागे नाहीतर थोडा पुढे. पीडीएफ केल्याने हा वाकडेपणा फक्त पक्का होतो.

कॅप्शनबद्दलची तक्रार अर्धी खरी आहे. कॅप्शन हा वेगळा परिच्छेद असतो आणि त्याची स्टाइल मुळातच डावीकडे लावलेली असते. आकृतीखाली ओळ लिहायला ती सोय आहे. समीकरणाच्या शेजारी नंबर बसवणं हे तिचं कामच नाही.

आता बारीक होण्याचं. समीकरण ओळीत एकटं असलं की वर्ड ते मोठ्या रूपात, म्हणजे डिस्प्लेमध्ये दाखवतं. त्याच ओळीत बाहेरून टॅब, स्पेस किंवा (1) आलं, की वर्डच्या लेखी ते वाक्यातलं समीकरण झालं. मग अपूर्णांक आखडतात आणि Σ च्या वरखाली असलेले n=1 आणि ∞ बाजूला जाऊन बसतात. Σ कडे नजर टाकली की हे लगेच कळतं.

म्हणून नंबर समीकरणाच्या चौकटीच्या आतच लिहायचा. वर्ड 2016 किंवा त्यानंतरचं हवं. `Alt` आणि `=` एकत्र दाबून चौकट उघडा, समीकरण लिहा आणि कर्सर चौकटीतच, अगदी शेवटी ठेवून हे टाइप करा:

```
#(1)
```

मग एंटर. समीकरण मध्यभागी राहतं, (1) उजव्या मार्जिनला जातो आणि Σ मोठाच राहतो. कर्सर चौकटीबाहेर असेल तर `#(1)` नुसतं अक्षरांसारखं पडून राहील. फाइल जुन्या `.doc` प्रकारात असेल तर समीकरणाचं बटणच फिकं दिसतं. आधी ती `.docx` करून घ्या.

मात्र हा नंबर हाताने घातलेला असतो. मध्ये एक समीकरण वाढलं की पुढचे सगळे नंबर बदलत बसा. सहा समीकरणांच्या असाइनमेंटला चालून जातं, ब्लॅक बुकला, म्हणजे बाइंड केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टला, नाही. तिथे मी एका ओळीचं तीन रकान्यांचं टेबल घालतो. रुंदी 10, 80 आणि 10 टक्के, बॉर्डर काढून टाकलेली. डावा रिकामा रकाना उजव्याइतकाच ठेवायचा, नाहीतर समीकरण पानाच्या मध्यावर येत नाही. मधल्यात समीकरण एकटं. उजव्यात मजकूर उजवीकडे लावून कंस, आणि कंसात `Ctrl+F9` दाबून आलेल्या महिरपी कंसांत `SEQ eq`. ते महिरपी कंस कीबोर्डवरून टाइप केलेले चालत नाहीत. शेवटी `Ctrl+A` आणि `F9`, की सगळे नंबर ओळीने लागतात. नंबर मार्जिनपासून किंचित आत दिसला तर तो सेलचा आतला मार्जिन, मूळचा 0.19 सेंमी. उजव्या रकान्यात तो शून्य करा. एकदा जमलं की तेच टेबल कॉपी करून पुढे वापरत राहायचं.

लेटेकशी माझं भांडण नाही. तिथे नंबर आपोआप पडतात आणि मजकुरातले उल्लेखही त्याबरोबर बदलतात, हे सुख मोठंच. पण नंबर डावीकडे जाणं तिथेही होतं. कुणाकडून घेतलेल्या टेम्पलेटमध्ये `leqno` हा पर्याय असेल तर सगळे नंबर डावीकडेच येतील. तो शब्द काढला की उजवीकडे. आणि उद्या सकाळी सबमिशन असेल, तर आज रात्री लेटेक शिकण्यापेक्षा `#(1)` टाइप करून झोपलेलं बरं.