लांबचे पाच टक्के बिंदू उडवले की बिबट्याचं वावरक्षेत्र मिळतं?

«बिबट्याचं क्षेत्र काढायला काही लागत नाही. सगळ्या नोंदी नकाशावर टाका, मध्यापासून सर्वांत लांबच्या ५ टक्के नोंदी चुकीच्या म्हणून काढून टाका आणि उरलेल्यांभोवती एमसीपी, म्हणजे सगळ्यांना सामावणारा सर्वांत लहान बहिर्वक्र बहुभुज, काढा. सगळे असंच करतात. बिबट्या तेवढ्या आतच फिरतो.»

लांबची नोंद म्हणजे चुकीची नोंद? चुकीची नोंद लांब असतेच असं नाही, आणि लांबची नोंद चुकीची असतेच असंही नाही. आपल्याकडे हमखास होणारी चूक घ्या. जीपीएसवर १७° १७.४′ आणि ७४° १०.८′ दिसतं, आणि घाईत वहीत १७.१७४, ७४.१०८ असं उतरतं. खरे आकडे १७.२९०, ७४.१८० आहेत. कराडजवळचा बिंदू त्यामुळे नैर्ऋत्येला सुमारे १५ किमी सरकतो. ही नोंद टाकायची नसते, दुरुस्त करायची असते. ती ओळखायची खूण अशी: एकाच माणसाच्या सगळ्या नोंदींत दशांशानंतरचा भाग कधीच .६० च्या वर जात नसेल, तर तो मिनिटंच लिहितोय.

मग ५ टक्के तरी? हिशेब करून बघू. आकडे काल्पनिक आहेत, पण बेतलेले कराड तालुक्यातल्या उसात राहणाऱ्या मादीवर. एकूण ४० नोंदी. ३५ नोंदी पूर्व-पश्चिम ४ आणि उत्तर-दक्षिण ५ किमीच्या आयतात, म्हणजे २० चौ. किमीत. दोन नोंदी वरच्या मिनिटांच्या चुकीमुळे १५ किमी लांब गेलेल्या. दोन पश्चिमेला, आयताच्या कडेपासून ५ किमीवर डोंगराच्या पायथ्याच्या एकाच ओढ्यात. आणि एक पूर्वेला, कडेपासून ९ किमीवर.

४० चे ५ टक्के म्हणजे दोन. दुरुस्ती न करता कात्री चालवली तर त्या दोन चुकलेल्या नोंदी जातात, पूर्वेची तशीच राहते आणि क्षेत्र येतं ५५ चौ. किमी. चूक दुरुस्त केली की त्या दोन आयतात येतात. आता पूर्वेची जाते आणि ओढ्यातल्या दोनपैकी एक जाते. दुसरी राहिल्याने पश्चिमेचा त्रिकोण कायम, क्षेत्र साडेबत्तीस. आता वस्तीवरच्या पोरांनी आयतातच आणखी २० नोंदी केल्या असं धरा. ६० चे ५ टक्के म्हणजे तीन, ओढाही गेला, क्षेत्र २०. मादी होती तिथेच आहे. नोंदी कुणी आणि कुठे बसून केल्या, एवढंच बदललं.

म्हणून टक्क्यांआधी एकेका लांबच्या बिंदूची चौकशी. पूर्वेची नोंद कुणाची? रात्री मोबाइलवर काढलेला हलता व्हिडिओ असेल आणि ठिपके जुळवता येत नसतील, तर ती नोंद या मादीची म्हणताच येत नाही. ती ओळखीअभावी बाद, अंतरामुळे नाही. फोटो उजव्या कुशीचा आणि आपल्याकडे फक्त डावी कूस असेल, तरी तेच, कारण दोन्ही बाजूंचे ठिपके वेगळे असतात. ओळख पक्की असेल तर आधीची आणि नंतरची नोंद बघा. दोन्ही आयतातल्या असतील आणि ती तिकडे पुन्हा कधी दिसली नसेल, तर ती भटकंती. सस्तन प्राण्यांचा अभ्यासक बर्ट याने १९४३ मध्ये वावरक्षेत्राची व्याख्या करतानाच अशा अधूनमधूनच्या फेऱ्या बाहेर ठेवल्या होत्या.

ओढ्याच्या नोंदी मात्र ठेवायच्या. त्या तीन आठवड्यांच्या अंतराने आणि ऊसतोडीच्या दिवसांतल्या असतील तर सरळ आहे: फड मोकळे झाले, आडोसा गेला, मादी पायथ्याला सरकली. हा तिच्या वर्षाचाच भाग. (दोन्ही नोंदी एकाच संध्याकाळी दहा मिनिटांच्या अंतराने काढलेले फोटो असते, तर मी त्यांना एकच धरलं असतं.) या निकषाने उत्तर साडेबत्तीसच येतं, पण कोणता बिंदू का गेला हे सांगता येतं.

सगळे असंच करतात. करतात, आणि इतर अभ्यासांशी तुलना करायला ९५ टक्क्यांचा आकडा द्यावाही. पण तपासणीनंतर, १०० टक्क्यांच्या शेजारी, आणि नोंदींची संख्या लिहून.

```r
library(adehabitatHR)
mcp(xy, percent = 100, unout = "km2")
mcp(xy, percent = 95,  unout = "km2")
```

`xy` म्हणजे नोंदींचे बिंदू; ते आधी मीटरमध्ये न्या. सातारा-सांगलीला `EPSG:32643` हे मीटरमधलं प्रक्षेपण चालतं. अंश तसेच दिले तर येणाऱ्या क्षेत्रफळाला अर्थ नाही. शिवाय नोंदी यादृच्छिक क्रमाने एकेक वाढवत क्षेत्राचा आलेख काढा. तो शेवटपर्यंत चढतच असेल तर नोंदी अपुऱ्या आहेत, आणि काय वगळायचं हा वाद तूर्त बाजूला ठेवलेला बरा.

तेवढ्या आतच फिरतो. बहिर्वक्र आकाराला आत वळता येत नाही. ओढ्यापासून आयताच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषांमध्ये पेठ, बाजार, महामार्ग जे असेल ते सगळं क्षेत्रात मोजलं जातं, मादी तिथे कधी गेली नसली तरी. उलट, रेषेबाहेरच्या ज्या शिवारात कॅमेरा नव्हता आणि माणूसही नव्हता, तिथे ती नव्हती असं या आकृतीवरून म्हणता येत नाही. एखाद्या गावाला «तुमचं शिवार पॉलिगॉनच्या बाहेर आहे, काळजी नको» असं सांगण्यासाठी ही रेष वापरू नये.